किंमत बदलली, पण पानावर नाही

ऑनलाइन पुस्तकं विकणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर कादंबरीची किंमत ३५० रुपये दिसते. ग्राहक ती कार्टमध्ये टाकतो, पैसे भरायच्या पानावर येतो, तर तिथे ४२० रुपये. त्याला ही सरळ लबाडी वाटते. बहुतेक वेळा ती लबाडी नसते. पहिल्या पानाने मूळ नोंद पाहिलेलीच नसते, काही मिनिटांपूर्वी काढून ठेवलेली तिची प्रत दाखवलेली असते.

ही प्रत ठेवावी लागते, कारण पुस्तकाचं एक पान दाखवायचं म्हणजे डेटाबेसला बरंच काम करावं लागतं. पुस्तक एका तक्त्यात, लेखक दुसऱ्यात, सवलत तिसऱ्यात, वाचकांचे अभिप्राय चौथ्यात. हे सगळं जुळवून, अभिप्रायांची सरासरी काढून उत्तर तयार होतं. समजा याला ८० मिलिसेकंद लागतात. एका माणसासाठी हे काहीच नाही. पण दिवाळी अंकांच्या दिवसांत तेच पान हजारो लोक उघडतात, आणि डेटाबेस तेच गणित तितक्याच वेळा नव्याने करत बसतो. म्हणून तयार उत्तर सर्व्हरच्या मेमरीत ठेवायचं आणि पुढच्याला तिथूनच द्यायचं. रेडिस हे त्यासाठी सर्रास वापरलं जाणारं सॉफ्टवेअर. इटलीच्या साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी ते २००९ मध्ये लिहिलं, तेही संकेतस्थळांच्या भेटींची ताजी नोंद ठेवताना त्यांचा मायएसक्यूएल डेटाबेस पुरा पडेना म्हणून. तयार उत्तर रेडिसकडून साधारण एका मिलिसेकंदाच्या आत मिळतं.

रोजची पद्धत सोपी आहे. प्रोग्राम आधी रेडिसला विचारतो. तिथे प्रत नसेल तर डेटाबेसकडे जातो, उत्तर आणतो आणि जाता जाता त्याची प्रत मुदतीसकट ठेवून देतो. किंमत बदलली की आधी डेटाबेस बदलायचा आणि मग प्रत पुसायची.

```
GET book:4021
SET book:4021 "..." EX 600
DEL book:4021
```

यातला `EX 600` म्हणजे सहाशे सेकंदांची मुदत. ती संपली की प्रत नाहीशी होते. तिसऱ्या ओळीत जुनी प्रत पुसली आहे, तिच्या जागी नवी किंमत लिहिलेली नाही, आणि ते मुद्दाम. दोन कर्मचाऱ्यांनी लागोपाठ किंमत बदलली, तर त्यांचे बदल डेटाबेसला ज्या क्रमाने मिळाले त्याच क्रमाने रेडिसला मिळतील याची खात्री नसते. आधीची किंमत मागाहून पोचली तर तीच टिकून राहील. पुसण्याचा क्रम उलटला तरी बिघडत नाही.

मग डेटाबेस बदलला, प्रत पुसली, तरीही जुनी किंमत दिसते ती कशी? इथे घटनाक्रम सावकाश पाहायला हवा. एका वाचकाने पान उघडलं, रेडिसमध्ये प्रत नव्हती, म्हणून त्याच्या विनंतीने डेटाबेसमधून ३५० हा आकडा उचलला. तो रेडिसमध्ये ठेवण्याआधी सर्व्हर क्षणभर दुसऱ्या कामात गुंतला. नेमक्या त्याच क्षणी कर्मचाऱ्याने किंमत ४२० केली आणि `DEL` पाठवलं. पुसायला तिथे काही नव्हतंच. त्यानंतर पहिली विनंती जागी झाली आणि तिने आपल्या हातातले ३५० रेडिसमध्ये लिहिले, दहा मिनिटांच्या मुदतीने. कोणाच्याही कामात चूक नाही, लॉगमध्ये एकही तक्रार नाही, आणि पुढची दहा मिनिटं प्रत्येक ग्राहकाला चुकीचा आकडा. चाचणीत हा दोष सहसा सापडत नाही, कारण तिथे एका वेळी एकच माणूस काम करत असतो.

फेसबुकच्या अभियंत्यांना मेमकॅश या अशाच साठ्यात ही अडचण आली. २०१३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधातला उपाय मला फार आवडतो. प्रत न मिळालेल्या विनंतीला साठा एक टोकन देतो. डेटाबेसमधून उत्तर आणल्यावर टोकन दाखवूनच ते ठेवता येतं. मधल्या काळात कोणी ती प्रत पुसली असेल तर टोकन बाद होतं आणि शिळं उत्तर दारातच अडतं. याच टोकनाने दुसरं दुखणंही आवरलं. लोकप्रिय पानाची मुदत संपताच शेकडो विनंत्या एकदम डेटाबेसवर तुटून पडतात. टोकन एका नोंदीसाठी दहा सेकंदांत एकदाच दिलं, तर एकच विनंती आत जाते आणि बाकीच्या थोडं थांबून तयार प्रत घेतात. त्यांनी तपासलेल्या नोंदींच्या एका गटात डेटाबेसवरचा कमाल भार सेकंदाला १७,००० क्वेरींवरून १,३०० वर आला.

रेडिसमध्ये ही सोय आयती मिळत नाही. छोटी ल्युआ स्क्रिप्ट लिहून ती करता येते, पण बहुतेक ठिकाणी लोक मुदतीवरच विसंबतात. तेही चालतं, मात्र मुदत ठरवताना नेमका प्रश्न विचारायला हवा: ही माहिती किती वेळ चुकीची दिसली तर चालेल? लेखकाचा परिचय दिवसभर जुना राहिला तरी कोणाचं नुकसान नाही. किंमत मिनिटभर. शिल्लक प्रती आणि पैसे भरतानाचा आकडा मात्र प्रतीवरून वाचूच नये, तिथे दर वेळी डेटाबेसलाच विचारावं.

मुदतीचा एक सापळा अनेकांना माहीत नसतो. मुदत असलेल्या नोंदीवर साधं `SET` केलं, `EX` लिहायचं राहिलं, तर रेडिस जुनी मुदतही काढून टाकतो. ती प्रत मग कायमची होते. `TTL book:4021` विचारल्यावर `-1` आलं तर हेच घडलंय असं समजावं. `-2` म्हणजे नोंदच नाही.

अशा बेमुदत प्रती साचल्या की मेमरीचा प्रश्न येतो. `maxmemory` ही मर्यादा भरल्यावर काय करायचं ते `maxmemory-policy` ठरवते, आणि तिचं मूळ मूल्य `noeviction` आहे: काहीच काढायचं नाही, नवं लिहिणं नाकारायचं. वाचन चालू राहतं, लिहिताना `OOM` ची तक्रार येते. प्रोग्रामने ती गिळली तर वरवर सगळं ठीक दिसतं. प्रत्यक्षात जुन्या प्रतींची मुदत संपत जाते, नव्या ठेवल्या जात नाहीत आणि डेटाबेस हळूहळू दमतो. `volatile-lru` निवडलं तर फक्त मुदत असलेल्या नोंदी काढल्या जातात. सगळ्याच बेमुदत असतील तर परिस्थिती तीच. निव्वळ प्रतींच्या साठ्यासाठी `allkeys-lru` बरं. त्यात बराच काळ न वापरलेली नोंद जाते, पण अंदाजाने: रेडिस सगळा साठा चाळत नाही, मूळ मांडणीत पाच नोंदींचा नमुना घेऊन त्याआधारे निवड करतो. वाचकांची सत्रं किंवा कामांची रांग याच रेडिसमध्ये ठेवली असेल तर तीही अशीच उडेल, म्हणून त्यांना वेगळा रेडिस द्यावा.

बिघाड कुठे आहे ते `INFO stats` सांगतं. `evicted_keys` वेगाने वाढतोय आणि `keyspace_misses` हा `keyspace_hits` च्या तुलनेत चढतोय, तर मेमरी अपुरी पडते आहे. मुदती बदलून उपयोग होणार नाही. `evicted_keys` शून्य आहे, प्रती भरपूर सापडताहेत आणि तरीही ग्राहक जुनी किंमत पाहतोय, तर मेमरी वाढवून काही होणार नाही. किंमत बदलणारी प्रत्येक वाट, अगदी रात्री चालणारी सवलतीची स्क्रिप्टसुद्धा, `DEL` करते की नाही ते तपासावं लागेल.