दोन सह्या आणि ड्रॉवरमधला फोन

अंतर्गत लेखापरीक्षक ट्रेझरीत, म्हणजे कंपनीचे पैसे बँकेतून जिथून बाहेर पडतात त्या विभागात आला, की त्याच्यापुढे व्हाउचरची फाईल येते. प्रत्येक व्हाउचरवर दोन नावं असतात. मेकरने पेमेंट भरलं, चेकरने मंजूर केलं. मी ती फाईल सगळ्यात शेवटी उघडतो. आधी एकच कागद मागतो, तोही कंपनीकडून नव्हे, थेट बँकेकडून: या खात्यातून पैसे काढायला आज तुमच्या दफ्तरी कोणाकोणाची सही चालते, आणि किती रकमेपर्यंत?

याला मँडेट म्हणतात. संचालक मंडळ ठराव करतं, त्यावरून बँक आपली नोंद करते आणि त्या नोंदीवरून नेटबँकिंगमध्ये युजर तयार होतात. तिन्ही ठिकाणी एकच चित्र दिसायला हवं. बहुधा दिसत नाही.

समजा, वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम कारखाना आहे. ठरावानुसार 10 लाखांवरच्या पेमेंटला एक संचालक आणि एक वित्त अधिकारी लागतात. बँकेच्या नोंदीत मात्र ‘कोणतेही दोघे’ असं आहे. दोन वर्षांपूर्वी एक संचालक गेले, त्यांचं नाव काढायचं पत्र लेखा विभागानेच टाइप केलं आणि त्यात हे दोन शब्द घुसले. पत्रावर जुन्या मँडेटप्रमाणे सह्या होत्या, त्यामुळे बँकेने ते स्वीकारलं. आता खात्यातले कोणतेही दोन कनिष्ठ कर्मचारी मिळून कितीही रक्कम पाठवू शकतात.

नेटबँकिंगच्या यादीत त्याहून वाईट सापडतं. निवृत्त वित्त व्यवस्थापकांचं लॉगिन अजून चालू आहे. त्यांचा ओटीपी ज्या ऑफिसच्या सिमवर येतो, तो फोन कॅशियरच्या ड्रॉवरमध्ये आहे. कॅशियर स्वतःच्या नावाने पेमेंट भरतो आणि साहेबांच्या नावाने मंजूर करतो. कागदावर दोन नावं, माणूस एकच. यात लबाडी असेलच असं नाही. बऱ्याचदा ‘कामं अडू नयेत’ एवढंच कारण असतं.

हे व्हाउचरवरून कळत नाही, बँकेच्या लॉगवरून कळतं. पेमेंट भरल्यावर वीस सेकंदांत मंजुरी? चेकर रजेवर असलेल्या दिवशी मंजुरी? रजेचं रजिस्टर शेजारी ठेवलं की हे दहा मिनिटांत उघड होतं. दोघांचा आयपी पत्ता एकच असणं हा मात्र पुरावा नव्हे, कारण एका कार्यालयातले सगळे संगणक बाहेर एकाच पत्त्याने दिसू शकतात.

माणसं खरोखर वेगळी असली तरी भागतंच असं नाही. ऑगस्ट 2020 मध्ये अमेरिकेतल्या सिटीबँकेला रेव्हलॉन या कंपनीच्या कर्जदात्यांना सुमारे 78 लाख डॉलर व्याज द्यायचं होतं. गेले जवळपास 90 कोटी. मंजुरी तिघांची होती, त्यातले मेकर आणि चेकर भारतातल्या एका कंत्राटी कंपनीचे. मुद्दल बँकेतच राहावं म्हणून पडद्यावरच्या तीन चौकटी भरायला हव्या होत्या. तिघांनाही एकच पुरेशी वाटली. चेकरने मेकरच्याच समजुतीने तपासलं, तर तपासणीचं नाव तेवढं उरतं.

आता तातडीचं पेमेंट. पुरवठादाराने खातं बदललं, तर त्याच्या जुन्या, नोंदवलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची आणि मगच नवं खातं चालू करायचं, असा कारखान्याचा नियम आहे. ‘अर्जंट’ शिक्का पडला की कागद नंतर आले तरी चालतात. मार्चअखेरीला हा शिक्का थांबत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची मुदत टळलेली बिलं 31 मार्चपर्यंत चुकवली नाहीत, तर ती रक्कम त्या वर्षी करात खर्च म्हणून धरता येत नाही. ही घाई खरी असते, आणि ठकांनाही ती ठाऊक असते.

म्हणून मी दोन याद्या शेजारी ठेवतो: वर्षभरातली अर्जंट पेमेंटं, आणि पुरवठादारांच्या बँक खात्यांतले बदल. बदलानंतर आठवड्याच्या आत अर्जंट गेलेलं प्रत्येक पेमेंट बाजूला काढतो. आपल्या कारखान्यात अशी तीन निघतात. दोन सरळ आहेत. तिसरं 38 लाखांचं. आरटीजीएसची रक्कम खाते क्रमांकावरून जमा होते, नावावरून नाही. खातेदाराचं नाव आधी पाहण्याची सोय एप्रिल 2025 पासून आली आहे, पण घाईत ती कोणी वापरलेली नाही. फॉर्मवर ‘फोनवर खात्री केली’ असा शेरा आहे, खाली नंबरही आहे. तो नंबर खातं बदलल्याचं कळवणाऱ्या मेलमधूनच घेतलेला.

जुन्या फाईलमधल्या नंबरवर फोन लावला, तर पुरवठादाराचे मालक बिलाचीच चौकशी करतात. त्यांचे पैसे अजून आलेले नाहीत.