फिगर्ड बास

फिगर्ड बास (अंकांकित खर्ज) ही युरोपीय संगीतातील एक संक्षिप्त स्वरलेखन पद्धत होय. बरोक काळात, म्हणजे साधारणपणे इ.स. १६०० ते १७५० या कालखंडात, तिचा सार्वत्रिक वापर होता. या पद्धतीत संगीतकार खर्जाची एकच ओळ लिहितो व तिच्या स्वरांखाली किंवा वर अंक देतो. त्या अंकांवरून वादक उरलेले स्वर वादनाच्या वेळी स्वतः भरतो. अशा रीतीने तयार होणाऱ्या साथीला बासो कंटिन्युओ किंवा नुसते कंटिन्युओ म्हणतात.

वाद्ये

कंटिन्युओसाठी बहुधा दोन वाद्ये लागतात. चेलो किंवा बसून हे वाद्य खर्जाची ओळ जशीच्या तशी वाजवते, तर हार्पसिकॉर्ड, ऑर्गन किंवा थिऑर्बो हे वाद्य त्या ओळीवर कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरसमूह, उभे करते. कळफलकाच्या वाद्यावर डावा हात खर्ज वाजवतो आणि उजवा हात अंकांचा अर्थ लावतो.

अंकांचे वाचन

अंक खर्जाच्या स्वरापासूनचे अंतर दाखवतो. मोजताना खर्जाचा स्वर पहिला धरतात आणि रचनेच्या स्वरपट्टीतील स्वरच मोजतात. सप्तक कोणते, हे अंक सांगत नाही. ते वादकाने ठरवायचे असते.

अंक नसेल तेथे तिसरा व पाचवा स्वर वाजवतात. उदाहरणार्थ, खर्जात सा असल्यास ग आणि प. ६ हा अंक असल्यास तिसरा व सहावा स्वर घेतात, पाचवा वगळतात. ४ आणि त्यापुढे ३ असे लिहिले असल्यास प्रथम चौथा स्वर वाजवून तो तिसऱ्यावर उतरवतात. एकटे शार्प किंवा फ्लॅट चिन्ह नेहमी तिसऱ्या स्वराला लागू होते.

एक उदाहरण

पाश्चात्त्य सी हा सा मानून, सर्व स्वर शुद्ध असलेल्या पट्टीत पुढील खर्ज दिला आहे असे समजू: सा, नी (६), सा, म, प (४ ३), सा. यातील नी हा पहिल्या सा च्या लगतचा खालचा स्वर आहे.

पहिल्या सा वर उजवा हात मध्य सप्तकातील ग, प आणि तार सा घेतो. नी वर ६ असल्याने तिसरा स्वर रे आणि सहावा प येतो. तेथे रे, प व तार रे वाजवतात. नी ची ओढ सा कडे असते, म्हणून तो उजव्या हातात पुन्हा घेत नाहीत. पुढील सा वर पहिलाच कॉर्ड परत येतो आणि म वर म, ध, तार सा येतात.

यानंतर खर्ज म वरून प वर चढतो. येथे उजवा हातही वर सरकवला, तर म आणि तार सा यांच्या जागी प आणि तार रे येतात. खर्जाशी आठव्या व पाचव्या स्वराचे अंतर राखून ओळी एकाच दिशेने सरकतात. असे समांतर अष्टम व पंचम या शैलीत दोष मानले जातात, कारण त्या ओळींचे वेगळेपण ऐकू येईनासे होते. म्हणून खर्ज चढताना उजवा हात उतरतो: म चा रे होतो, ध चा प होतो आणि तार सा जागीच राहतो. प पासून मोजल्यास हाच सा चौथा स्वर असल्याने ४ हा अंक आपोआप पूर्ण होतो. मग ३ साठी सा चा नी होतो आणि शेवटी नी पुन्हा सा वर, तर रे ग वर जातो.

अंक दुर्लक्षिल्यास

४ ३ हे अंक बहुधा मुख्य गायक किंवा वादकाच्या ओळीमुळे लिहिलेले असतात. गायक तार सा धरून असताना साथीदाराने ४ न पाहता थेट नी वाजवला, तर सा आणि नी यांची टक्कर होते आणि नंतरच्या उतरणीचा परिणाम नाहीसा होतो. कॉर्ड स्वतंत्रपणे बरोबर असूनही गायनाशी तो खटकत असेल, तर अंक चुकल्याची शंका घ्यावी.

वादकाचे स्वातंत्र्य व मर्यादा

कोणते स्वर घ्यायचे हे अंक सांगतात. किती स्वर, किती दाट आणि कोणत्या लयीत, हे सांगत नाहीत. हार्पसिकॉर्डचा नाद लवकर विरतो, म्हणून त्यावर कॉर्डचे स्वर एकामागून एक छेडले जातात. ऑर्गनचा नाद टिकून राहतो, त्यामुळे हलक्या आवाजाच्या गायकाबरोबर कमी स्वर पुरतात. उजवा हात सामान्यतः मुख्य गायकाच्या स्वराखाली ठेवतात. 'तास्तो सोलो' अशी सूचना असल्यास कॉर्ड न वाजवता केवळ खर्ज वाजवतात.

अनेक हस्तलिखितांत अंक अपुरे असतात किंवा मुळीच नसतात. अशा वेळी खर्जाची चाल आणि मुख्य ओळ पाहून कॉर्ड ठरवावा लागतो.

इतिहास

१६०० च्या सुमारास इटलीत काव्हालिएरी, काच्चिनी व पेरी यांच्या छापील कृतींत असे अंक आढळतात. काव्हालिएरी दहा, अकरा असे मोठे अंकही लिहून सप्तक सुचवत असे. पुढे लहान अंकच रूढ झाले. आगात्सारी याने १६०७ मध्ये खर्जावरील वादनाविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. सी. पी. ई. बाख याच्या वादनविषयक ग्रंथाच्या १७६२ मधील दुसऱ्या भागात साथीचे सविस्तर विवेचन आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात संगीतकार सर्व स्वर लिहून देऊ लागले आणि ही पद्धत मागे पडली. आजच्या अनेक छापील आवृत्त्यांत संपादकाने भरलेला उजवा हात लहान स्वरचिन्हांत दिलेला असतो. ती एक शक्यता असते, मूळ संगीतकाराचे लेखन नव्हे.