विश्लेषण : बाल्कनीची फोल्डिंग दारे खाली का घासतात?

घडी होणारी दारे बसवल्यावर वर्षभर छान चालतात आणि मग एखादे पान खालच्या पट्टीला घासू लागते. दुरुस्तीआधी दाराचे वजन कुठे पेलले जाते, हे पाहावे लागते.

वजन किती असते?

तीन मीटर रुंद बाल्कनीला ७५० मिलिमीटरची चार पाने आहेत असे समजू. उंची २.१ मीटर आणि काच ६ मिलिमीटरची असेल, तर एका पानाची काचच सुमारे २३ किलो भरते. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीसह पान साधारण ३० किलोचे, म्हणजे चारही पाने १२० किलोची.

वरचा ट्रॅक की खालचा?

टांगत्या दारात हे सगळे वजन वरचा ट्रॅक पेलतो, खालची पट्टी फक्त दिशा देते. त्यात कचरा साचत नाही, पण वर भक्कम आरसीसी तुळई हवी. फॉल्स सीलिंगच्या प्लायवूडमध्ये स्क्रू मारून ट्रॅक बसवला, तर तो वाकणारच. खालच्या चाकांवर चालणाऱ्या दारात वजन लादीवर येते. वरचा आधार कमकुवत असेल तर हाच पर्याय बरा. मात्र पावसाचे पाणी आणि धूळ ट्रॅकमध्ये येते, म्हणून पाणी निघण्याची छिद्रे मोकळी ठेवावी लागतात.

दोष कुठे, कसे ओळखावे?

टांगते दार बंद करून पानांखालची फट दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा. टोकांना ५ आणि मध्ये २ मिलिमीटर असेल, तर वरचा आधार वाकला आहे. तिथे पाने उचलून काही दिवस भागते, पण आधार मजबूत केल्याशिवाय घासणे परत येते.

एकच पान तिरके झाले असेल, तर आधी बिजागरीचे स्क्रू तपासा. ते घट्ट असतील, तर काचेखालचे प्लास्टिकचे गुटके सरकलेले असू शकतात. गुटके बिजागरीच्या बाजूला खाली आणि समोरच्या कोपऱ्यात वर बसवले, की काच तिरक्या आधारासारखी चौकट ताणून धरते.

सगळे पान सारखेच खाली आले असेल, तर चाकाच्या बोल्टने ते उचलता येते. पानाखाली लाकडी पाचर देऊन वजन काढा, लॉकनट सैल करा, बोल्ट अर्धा फेरा फिरवा, फट पुन्हा मोजा आणि नट घट्ट करा.

देखभाल काय?

खालचा ट्रॅक ब्रशने किंवा व्हॅक्यूमने साफ करा. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याला धूळ चिकटून चाके जाम होतात; सिलिकॉन स्प्रे पुरतो. साफ करूनही चाक खडखडत असेल, तर ते झिजले आहे. ते बदलावेच लागते.