जॉकी पंप, मुख्य पंप: कोण कधी सुरू होतो?

जळगाव महापालिकेची इमारत १७ मजली. अशा इमारतीत दर मजल्याला ३ मीटर धरले, तर पाणी ५१ मीटर वर चढवायलाच सुमारे ५ बार दाब लागतो. वरच्या अग्निशमन नळाशी ३.५ बार हवेत, शिवाय पाइपातील घर्षण. म्हणजे तळाशी साधारण ९ बार.

अशा ठिकाणची नमुना मांडणी: जॉकी पंप ९ बारला सुरू, १० ला बंद. मुख्य विद्युत पंप ८ ला सुरू. वीज गेली, दाब आणखी उतरला, की ७ ला डिझेल पंप.

दाब ओळखतो प्रेशर स्विच. जॉकी मिनिटाला साधारण १८० लिटर देतो. बारीक गळती त्यावर भरून निघते. होज उघडला की तो पुरत नाही, दाब कोसळतो आणि मुख्य पंप उठतो. तो आपोआप थांबत नाही. हातानेच बंद करायचा.

जॉकी वारंवार सुरू-बंद होत असेल, तर कुठेतरी गळती आहे. दाब ८ च्या खाली जाऊनही मुख्य पंप गप्प राहिला, तर आधी पॅनेलवरचा निवड-स्विच पाहावा: तो बहुधा ‘मॅन्युअल’वर राहिलेला असतो.