वरून बंद, खालून मोकळं

ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याचा मुक्काम हलवून सासवडकडे निघते, त्या दिवशी दिवे घाटात वारकऱ्यांइतकेच कॅमेरेवाले दिसतात की काय, असं वाटतं. तीसेक किलोमीटरची वाट. हडपसर सुटेपर्यंत घामाने जीव नकोसा होतो, वडकीच्या आसपास भुरभुर सुरू होते आणि घाटाच्या वळणांवर वाऱ्याबरोबर पाऊस आडवा येतो. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, ज्या फोटोसाठी सगळे आलेले असतात तो हाच क्षण, आणि नेमकी तेव्हाच पिशवीतून रेनकव्हर काढायची धांदल उडते. कव्हर चढवायचं ते पाऊस येण्याआधी, कोरड्या हातांनी. ओल्या कॅमेऱ्यावर कव्हर घातलं की आपण पाणी आत कोंडतो.

कॅमेऱ्यावर ‘वेदर सील्ड’ लिहिलेलं असतं म्हणून अनेक जण निर्धास्त राहतात. बहुतेक कंपन्या या शब्दाला कुठलाही आकडा जोडत नाहीत. ओएम सिस्टिमच्या ‘ओएम-१’सारखे काही थोडे कॅमेरे ‘आयपी ५३’ हे प्रमाण जाहीर करतात. त्यातला ३ हा आकडा पाण्याबद्दलचा. वरून किंवा तिरके, सरळ रेषेपासून ६० अंशांपर्यंत कललेले फवारे कॅमेरा सोसेल, इतकाच त्याचा अर्थ. घाटातला आडवा पाऊस या हिशेबात बसत नाही. पाणी शिरतं तेही ठरलेल्या जागांमधून: बॉडी आणि लेन्सच्या सांध्यातून, फ्लॅश बसवायच्या खाचेतून आणि झूमच्या नळीतून. झूम फिरवल्यावर ज्या लेन्सची नळी बाहेर येते, ती प्रत्येक वेळी आत हवा ओढते. नळी ओली असेल तर हवेबरोबर ओलही आत जाते. पाऊस जोराचा असेल तर अशी लेन्स एका ठिकाणी ठेवावी, हवं तर आपण दोन पावलं पुढे-मागे व्हावं.

कव्हर महागच हवं असं नाही. जाड, पारदर्शक प्लास्टिकची पिशवी उलटी कॅमेऱ्यावर घालायची. तिच्या बंद टोकाला भोक पाडून लेन्सचा हूड बाहेर काढायचा आणि रबरबँडने हूडभोवती घट्ट करायचं. मागच्या बाजूला व्ह्यूफाइंडरचा रबरी आयकप काढायचा, तिथे प्लास्टिकला छोटं भोक पाडायचं आणि त्यावरून आयकप पुन्हा दाबून बसवायचा. आयकप नसलेल्या कॅमेऱ्याला पारदर्शक प्लास्टिकमधूनच पाहावं लागतं. दोन्ही हात खालून आत जातात. खालची बाजू उघडीच ठेवायची, ती बांधायचा मोह टाळायचा. विकतचं कापडी कव्हर याहून टिकाऊ आणि हाताळायला सोपं असतं. त्याची शिवण आतून पट्टीने बंद केलेली आहे ना, एवढं मात्र दुकानातच उलटं करून पाहावं. नाही तर कापड पाणी अडवतं आणि सुईची भोकं ते आत सोडतात.

घेतलेलं किंवा केलेलं कव्हर घरीच तपासता येतं. पाण्याच्या बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळा, तिला कव्हर घाला आणि शॉवरखाली दहा मिनिटं धरा, मधूनमधून आडवी करा. मग कागद उलगडून पाहा. ओला डाग जिथे असेल तिथेच घाटात पाणी शिरणार. बहुधा तो पट्ट्याच्या भोकाशी सापडतो. पट्टा स्वतः भिजतो आणि पाणी त्याच्यावरून ओघळत आत येतं. म्हणून पट्टा कव्हरच्या खालून काढावा आणि कॅमेऱ्यापासून थोडा खाली झोळ द्यावा, म्हणजे थेंब झोळातून गळून पडतात.

खालची बाजू मोकळी ठेवायची ती आपल्या हवेमुळे. आषाढात बाहेर २७ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर २४ अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. एसी गाडीतून किंवा एसी खोलीतून काढलेली लेन्स साधारण २१-२२ अंशांवर असते. बाहेर आणताच ती पांढरी पडते, आणि पुसली तरी क्षणात पुन्हा तशीच. अशा वेळी कॅमेरा पिशवीतून काढायचा नाही. चेन न उघडता पिशवी अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवायची आणि तो उबदार होऊ द्यायचा. शक्य असेल तर पुण्यातून निघताना गाडीतला एसीच बंद ठेवावा, गैरसोय काय ती तेवढ्यापुरती. वारीच्या वाटेवर मात्र ओल पुरवतो तो आपला घाम. रेनकोटच्या आत छातीशी धरलेला कॅमेरा पावसाने नव्हे, अंगाच्या वाफेने धुरकट होतो.

हे अंगावरच्या कपड्यांनाही लागू आहे. श्वास घेणारं म्हणून विकलं जाणारं महागडं जाकीट आतली वाफ बाहेर सोडतं, ते आत दमट आणि बाहेर कोरडं असेल तेव्हा. बाहेरच हवा पाण्याने भरलेली असताना त्याचा फारसा उपयोग होत नाही. हिमालयातल्या कोरड्या थंडीत ते जाकीट पैसे वसूल करून देईल, दिवे घाटात नाही. इथे मला सैल पोंचो बरा वाटतो. तो डोक्यावरून पाठीवरच्या बॅगेपर्यंत सगळं झाकतो आणि खालून वारा खेळू देतो. वाऱ्याने उडतो हे खरं, म्हणून कमरेला एक सैल दोरी बांधावी. भातलावणीत बायका वापरतात ते इरलं याच विचाराने केलेलं आहे: पाठ झाकलेली, पुढून आणि खालून मोकळं, आणि दोन्ही हात कामाला रिकामे. फोटोग्राफरला तेच लागतं.

आतला शर्ट सुती नसावा. सुती कापड भिजलं की पाणी धरून अंगाला चिकटतं, आणि पाणी हवेच्या जवळजवळ पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढतं. घाट चढताना हे जाणवत नाही. वर पोचून रथाची वाट पाहत तासभर वाऱ्यात उभं राहिलं की दात वाजू लागतात आणि मग शटरवरचं बोटही ऐकत नाही. पटकन वाळणारा पॉलिस्टरचा शर्ट अंगात आणि दुसरा कोरडा शर्ट पिशवीत बांधून, इतकं पुरतं. लोकर भिजूनही बरीच ऊब राखते. मेंढपाळाची घोंगडी पावसात खांद्यावर राहते ती त्यामुळेच. पायांत गमबूट नकोत, पाणी वरून आत गेलं की ते बाहेर यायला वाटच नसते. पट्ट्यांच्या सँडल आणि बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन लावून गेलेला माणूस सासवडला धड पायांनी पोचतो.

दिवसभरात लेन्स बदलायची वेळ आणू नये. दोन बॉडी असतील तर एकीला वाइड, दुसरीला टेली लावून निघावं. टचस्क्रीन सेटिंगमधून बंद करावी, कारण पावसाचे थेंबही बोटासारखेच तिच्यावर टिचक्या मारतात आणि फोकस भलतीकडे जातो. पुढची काच पुसायला कोरडा पंचा उत्तम, पण तो पोंचोच्या आत, गळ्यात अडकवलेला हवा. खिशातला घामाने ओला होतो.

मुक्कामी पोचल्यावर आधी बाहेरून सगळं पुसायचं, मगच बॅटरी आणि कार्डाची झाकणं उघडायची. लेन्स वेगळी करून दोन्ही पंख्याखाली ठेवावेत, हेअर ड्रायर लावू नये. आतल्या काचेवर धुकं दिसत असेल, बटण चिकटत असेल किंवा स्क्रीनच्या मागे थेंब दिसत असेल, तर ‘चालतोय का बघू’ म्हणून सुरू करणं सगळ्यात वाईट. ओल्या सर्किटवर वीज गेली की दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीला भिडू शकतो. बॅटरी काढून तसाच दुरुस्तीवाल्याकडे न्यावा. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवण्याचा उपाय अजून सुचवला जातो. त्याने धूळ आणि पीठ तेवढं आत जातं. सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि जेलचा रंग बदलला की पुड्या बदलाव्यात. लेन्समध्ये बुरशी धरते ती घाटात नाही, नंतर कपाटात पडून राहिलेल्या दमट बॅगेत. ती बॅग उघडी करून, कप्पे बाहेर काढून वाळवायला टांगून ठेवावी, आणि कॅमेरा पुरता वाळेपर्यंत तिच्यात ठेवू नये.