लायसन्स अरबीत जाताना

रत्नागिरीकडचा एखादा ड्रायव्हर आखातात नोकरीला निघतो आणि लायसन्सचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून म्हणतो, "याचं अरबी करून द्या." फोटोत नेमका तारखेवर फ्लॅशचा पांढरा डाग असतो. तीन की आठ, अंदाज करायचा नाही. उजेडात तिरका धरून दोन्ही बाजूंचा फोटो पुन्हा मागवावा. तोही जमला नाही, तर त्या जागी कंसात 'ग़ैर वाज़िह', म्हणजे अस्पष्ट, असं लिहावं.

खरी कसरत वाहनवर्गाची. कार्डावर एमसीडब्ल्यूजी, एलएमव्ही आणि ट्रान्स अशी अक्षरं असतात: गिअरची दुचाकी, हलकं वाहन आणि व्यावसायिक वाहतुकीचं वाहन. सौदीत मोटारीच्या साध्या लायसन्सला 'ख़ुसूसी', म्हणजे खासगी म्हणतात. त्यामुळे एलएमव्ही दिसलं की तोच शब्द ठोकून देण्याचा मोह होतो. पण आपल्याकडे एलएमव्ही ठरतं ते ७,५०० किलोपर्यंतच्या वजनावरून, मालकीवरून नव्हे. म्हणून मूळ अक्षरं तशीच ठेवून पुढे 'मरकबा ख़फ़ीफ़ा', हलकं वाहन, एवढंच लिहावं. तिकडच्या कुठल्या वर्गात ते बसतं हे तिथलं वाहतूक खातं ठरवेल. अनुवादकाने परस्पर बढती देऊ नये.

तारखाही एकापेक्षा जास्त असतात. समजा, लायसन्स ०५-०४-२०११ ला निघालं. एनटी, म्हणजे बिगरव्यावसायिक वाहनांची मुदत ०४-०४-२०३१ पर्यंत आहे. टीआर, म्हणजे व्यावसायिक वाहनांची मात्र ०८-११-२०२७ ला संपते. फक्त लांबची तारीख उतरवली, तर ट्रकवाल्याला तीन वर्षांहून जास्त मुदत फुकटची मिळते आणि कागद खोटा ठरतो. त्यात अरबी उजवीकडून डावीकडे. आकडे आणि आडव्या रेघांची तारीख त्या ओळीत टाकली की संगणक कधीकधी तिचे तुकडे उलटसुलट मांडतो आणि ०५-०४ चा एप्रिल की मे, कळेनासं होतं. महिना अक्षरी लिहिला की प्रश्न मिटतो: ५ अब्रील २०११, पुढे इसवी सनाची 'मीम'ची खूण. हिजरीत रूपांतर करत बसू नये. लायसन्स क्रमांक इंग्रजी अक्षर-आकड्यांतच ठेवावा; अरबी पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा दिसतो, तेव्हा ताडून पाहताना आपलीच नजर फसते.

राहिलं कार्यालय. आरटीओ म्हणजे कचेरीही आणि अधिकारीही. 'डेप्युटी आरटीओ, रत्नागिरी' हे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय. तिथे 'नायब', म्हणजे उपाधिकारी लिहिलं, तर कचेरीचा माणूस होतो. 'मक्तब' हा कचेरीचा शब्द आधी हवा. शिवाय प्रमाण अरबी लिपीत 'ग' नाही. रत्नागिरीसाठी कोणी 'ग़ैन' वापरतं, कोणी 'जीम'. कुठलंही घ्या, पण सगळ्या कागदांवर एकच ठेवा आणि शेजारी इंग्रजी नाव द्या. ड्रायव्हरचं स्वतःचं नाव मात्र व्हिसावर अरबीत जसं आहे, अक्षरशः तसंच.