चौकोनात हरवलेली रक्कम

समजा, एखाद्या संस्थेकडून सभासदाला मराठीत निरोप येतो: ‘आपले बिल १,२५० रुपये. १५ जूनपर्यंत भरावे.’ पाठवणाऱ्याच्या पडद्यावर सगळं नीट दिसतं. पण घेणाऱ्याच्या जुन्या मोबाइलमध्ये देवनागरी फॉन्टच नसेल, तर प्रत्येक अक्षराच्या जागी रिकामा चौकोन उमटतो आणि रक्कमही त्यातच नाहीशी होते. चौकोनांच्या ओळीत टिकून राहतात फक्त एक स्वल्पविराम आणि दोन पूर्णविराम. हाच निरोप 1,250 आणि 15 असे अंक घालून गेला असता, तर निदान किती आणि कोणत्या तारखेला एवढं तरी कळलं असतं.

याचं कारण साधं आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १ आणि इंग्रजी 1 ही दोन वेगळी चिन्हं आहेत. देवनागरी ० ते ९ यांना U+0966 ते U+096F हे क्रमांक दिलेले आहेत, तर इंग्रजी अंकांना U+0030 ते U+0039. दुसरा संच इतका जुना आणि सर्वत्र गृहीत धरलेला आहे, की तो दाखवू न शकणारा पडदा सहसा सापडत नाही. पावती छापणाऱ्या छोट्या यंत्रांत अनेकदा तेवढाच असतो.

मात्र सगळे बिघाड फॉन्टचे नसतात, आणि कुठला बिघाड झाला आहे हे पडद्याकडे पाहूनच ओळखता येतं. रिकामे चौकोन दिसले तर मजकूर शाबूत आहे, फक्त दाखवायला आकार नाहीत. तोच निरोप दुसऱ्या फोनवर पाठवला की वाचता येतो. ‘१’ च्या जागी à¥§ असं काही दिसलं, तर बाइट योग्य पोचले आहेत, पण वाचणाऱ्या प्रणालीने त्यांचा सांकेतिक संच चुकीचा धरला आहे. हेही दुरुस्त होतं. पण ???? अशी प्रश्नचिन्हं आली, तर वाटेतल्या एखाद्या यंत्रणेने मूळ अक्षरं टाकूनच दिलेली असतात. तिथे हरवलेली रक्कम कुठल्याच फोनवर परत मिळत नाही. या तिन्ही ठिकाणी इंग्रजी अंक मात्र तगतात.

चौथा प्रकार उलटा आहे. काही पडद्यांवर फॉन्ट असतो, पण अक्षरं जोडण्याची सोय नसते. मग ‘किती’मधली पहिली वेलांटी क च्या आधी यायची ती नंतर येते आणि जोडाक्षरं फुटून हलन्तासकट दिसतात. मजकूर वाचवत नाही, तरी देवनागरी अंक ठणठणीत असतात, कारण अंकाला ना काना लागतो ना मात्रा. म्हणजे अक्षरं मोडकी पण दिसत असतील, तर देवनागरी अंकांवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

इंग्रजी अंक घातले की एसएमएस स्वस्त पडतो, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. त्यात एकही देवनागरी अक्षर आलं की अख्खा संदेश दुसऱ्या संकेतात जातो आणि मर्यादा ७० वर येते. तिथे १ आणि 1 दोन्ही सारखीच जागा खातात.

खरा निर्णय संगणकाच्या प्रणालीत होतो, आणि तो बहुतेकदा कुणी जाणीवपूर्वक घेतलेला नसतो. जावास्क्रिप्टला मराठी भाषा सांगितली, की ती आपणहून देवनागरी अंक देते. हिंदीसाठी मात्र तीच इंग्रजी अंक देते. मराठीत इंग्रजी अंक हवे असतील तर तसं वेगळं लिहावं लागतं:

```
new Intl.NumberFormat('mr-IN').format(1250)
// १,२५०
new Intl.NumberFormat('mr-IN-u-nu-latn').format(1250)
// 1,250
```

म्हणून ‘मराठीत देवनागरी की इंग्रजी’ असा सरसकट प्रश्न विचारणंच चूक आहे. देवनागरी अंक मराठी वाचकाचे हक्काचे आहेत. मुंबईत बेस्टच्या बसच्या कपाळावर ते वर्षानुवर्षं वाचले गेले आहेत, आणि लेखातलं साल किंवा बातमीतली संख्या त्यांतच शोभते. पण जो आकडा वाचणाऱ्याला पुढे कुठेतरी टाइप करायचा, डायल करायचा किंवा भरायचा आहे, तो समोरचा पडदा ठाऊक नसताना इंग्रजी अंकांतच पाठवावा. फोन नंबर, ओटीपी, ग्राहक क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख हे सगळं त्यात आलं. याला आणखी एक कारण आहे. ग्राहक क्रमांक देवनागरीत नक्कल करून संकेतस्थळावरच्या चौकटीत चिकटवला, तर पुष्कळ चौकटी तो नाकारतात, कारण त्यांना 0 ते 9 एवढेच अंक कळतात.

तारीखही ‘15 जून’ अशी न लिहिता 15-06 अशी लिहावी. फॉन्ट नसेल तर ‘जून’ चौकोनात जातो आणि उरतो नुसता पंधरा, महिना नसलेला. ₹ या चिन्हाबाबतही तेच. ते युनिकोडमध्ये २०१० साली आलं. त्याआधीच्या फॉन्टमध्ये देवनागरी असूनही ते चौकोन होऊन येऊ शकतं. अशा निरोपात Rs 1250 असं लिहिलेलं बरं.